काउंटरवरच्या चॅटपासून क्षेत्रीय कार्यालयाच्या टिपणापर्यंत

ऑगस्ट २०२४ मधील हे प्रकरण आहे. त्या वेळी मी नवी मुंबईतील कोपरखैरणे येथील एका बँक शाखेत उपव्यवस्थापक होते. ठाण्याच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे जाणाऱ्या तक्रारींची टिपणे तयार करणे हा माझ्या कामाचा भाग होता. शाखा व्यवस्थापक त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले असल्यामुळे काउंटरवरच्या लिपिकाने एका ग्राहक महिलेच्या तक्रारीचा मजकूर मला फोनवरच्या चॅटमध्ये पाठवला. त्यातून क्षेत्रीय कार्यालयाला निर्णय घेता येईल असे टिपण उभे करायचे होते. चॅट मंगळवार, १३ ऑगस्टचा होता आणि त्यातील महत्त्वाच्या ओळी अशा होत्या:

“मॅडम, त्या पेन्शनवाल्या काकू परत आल्यात. आधारवरून पैसे गेलेत म्हणे, २७ हजार. पाच दिवसांनी जाग आली. मुलगा पण सोबत आहे, जाम तापलाय, रिझर्व्ह बँकेकडे जाणार म्हणतो. मला वाटतं ओटीपी दिला असणार कुणाला तरी, काकूंना फोनमधलं काही कळत नाही. मेसेज शनिवारी बघितला म्हणतात. भाडेकरारवाल्या एजंटने अंगठा घेतला होता, त्यानेच काहीतरी केलं असणार. सोमवारी पण आल्या होत्या, सिस्टिम स्लो होती म्हणून उद्या या म्हटलं, तेव्हा दोनच एन्ट्र्या होत्या. खातं फ्रीझ केलंय, अर्ज घेतलाय. वर पाठवायचं का?”

सोबत पासबुकाच्या पानाचा आणि आधार कार्डाचा फोटो होता. हा चॅट जसाच्या तसा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलण्याची सूचना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने केली. ती मी मान्य केली नाही, कारण त्या फोटोत संपूर्ण आधार क्रमांक आणि खाते क्रमांक उघडा दिसत होता. लिपिकाला ते फोटो फोनमधून काढून टाकायला सांगितले. टिपणात दोन्ही क्रमांकांचे फक्त शेवटचे चार आकडे घेतले आणि मूळ अर्ज, पासबुकाची प्रत व ओळखपत्राची प्रत बँकेच्या अंतर्गत मेलवरूनच पाठवायची असे ठरवले.

लिपिकाविषयी एवढे सांगायला हवे की त्या मंगळवारी त्याने करायचे ते नेमके आणि वेळेवर केले होते: खाते तत्काळ गोठवले होते, लेखी अर्ज घेतला होता आणि पोचही दिली होती. चॅट हा त्याचा मला दिलेला निरोप होता, आणि निरोप म्हणून तो पुरेसा होता. अडचण फक्त एवढी की त्याने पाहिलेले, ग्राहकाकडून ऐकलेले आणि स्वतः ताडलेले असे तीनही त्यात एकाच सुरात आले होते. चॅटची भाषा शुद्ध करून, ‘काकू’च्या जागी ‘सदर खातेदार’ घालून टिपण तयार केले असते, तर ते दिसायला औपचारिक झाले असते, पण ती सरमिसळ तशीच राहिली असती. म्हणून मी भाषेला हात लावण्याआधी प्रत्येक वाक्य कोणाच्या माहितीवर उभे आहे, हे कागदावर तीन रकान्यांत मांडले. ‘ओटीपी दिला असणार’ आणि ‘एजंटने केलं असणार’ ही दोन्ही वाक्ये अर्थातच तिसऱ्या रकान्यात गेली.

आता ओटीपीच्या वाक्याकडे येते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे होता. त्या वेळी लागू असलेल्या ६ जुलै २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, म्हणजे उदाहरणार्थ त्याने आपली गोपनीय माहिती कोणाला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते. म्हणजे शाखेच्या टिपणात ‘ग्राहकाने ओटीपी दिल्याची शक्यता आहे’ असे एक वाक्य जरी गेले, तरी वरचा अधिकारी प्रकरण निष्काळजीपणाच्या खणात टाकायला मोकळा होतो. त्याच परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे असे स्पष्ट म्हटले आहे, पण शाखेनेच लिहून दिलेली शंका पुढे पुराव्यासारखी वापरली जाते, हा माझा अनुभव आहे.

आणि इथे तर ती शंका बसतच नव्हती. खात्याच्या उताऱ्यात तिन्ही नोंदी आधार-आधारित रोख काढण्याच्या होत्या. या पद्धतीत दुसऱ्या एखाद्या बँकेने अशा व्यवहारांसाठी नेमलेल्या व्यवसाय प्रतिनिधीकडच्या छोट्या यंत्रावर आधार क्रमांक टाकायचा, बँक निवडायची आणि अंगठा किंवा बोट टेकवायचे, एवढेच असते. त्यात ओटीपी येत नाही, कार्ड लागत नाही, पिन लागत नाही. बोटांच्या ठशांच्या नकला करून अशा रकमा काढल्याच्या तक्रारी त्याआधीच्या वर्षी देशभरातून आल्या होत्या. म्हणून टिपणात ओटीपीचा विषय शंकेच्या रूपाने नव्हे, तर वस्तुस्थितीच्या रूपाने घेतला: ‘तिन्ही व्यवहार आधार व बायोमेट्रिक प्रमाणीकरणावर झालेले असून या प्रकारच्या व्यवहारात ओटीपी, कार्ड अथवा पिन यांचा वापर होत नाही.’ यापुढे एकही शब्द लिहिला नाही.

भाडेकराराच्या एजंटचे काय करायचे, हा प्रश्न त्याहून नाजूक होता. आमच्या भागात घर भाड्याने देताना एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो आणि करार ऑनलाइन नोंदवून देतो, ही रोजची गोष्ट आहे. ग्राहक महिलेने जूनमध्ये आपल्या दुसऱ्या खोलीचा करार असाच केला होता. योगायोग नजरेत भरणारा आहे हे खरे, पण त्या एजंटाविरुद्ध शाखेकडे काहीही नव्हते. माहिती पूर्ण गाळली असती तर तपासाला उपयोगी पडू शकणारा धागा हरवला असता, आणि शाखेचे म्हणणे म्हणून लिहिली असती तर एका परक्या माणसावर बँकेने लेखी आरोप केल्यासारखे झाले असते. मी ती ‘ग्राहकाचे निवेदन’ या भागात, तिच्याच अर्जातील शब्दांत आणि एजंटाचे नाव न घेता ठेवली.

यानंतर तारखांचे काम सुरू झाले. ‘पाच दिवसांनी जाग आली’ हे वाक्य मी दोन कारणांसाठी अनेकदा वाचले. एक म्हणजे ते तुच्छतेचे होते. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, म्हणजे ते वाक्य नियमाच्या मोजपट्टीवर चुकीचा आकडा देत होते. परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत इतरत्र कुठेतरी आहे, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर सर्वसाधारण बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे त्या व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते ग्राहकाच्या माथी येते. सात दिवसांच्या पुढे बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. दिवस मोजताना संदेश मिळाला तो दिवस धरायचा नाही आणि ग्राहकाच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवस धरायचे.

उताऱ्यावरून पहिले दोन व्यवहार गुरुवार, ८ ऑगस्टला संध्याकाळी ६.४२ आणि ६.४७ वाजता झाले होते. पहिला १०,००० रुपयांचा होता आणि दुसरा ९,५०० रुपयांचा. बँकेचे संदेश त्याच वेळी पोचल्याची नोंद होती. ग्राहकाने ते शनिवारी पाहिले, हे तिचे म्हणणे निवेदनात ठेवले, पण मोजणीसाठी मी तिला सर्वांत प्रतिकूल अशीच तारीख धरली, म्हणजे गुरुवार. गुरुवार सोडला. शुक्रवार, ९ ऑगस्ट हा पहिला दिवस झाला. १० तारखेला दुसरा शनिवार होता आणि ११ तारखेला रविवार, म्हणून शाखा बंद. सोमवार, १२ हा दुसरा आणि मंगळवार, १३ हा तिसरा. लेखी अर्ज १३ तारखेला सकाळी ११.३५ वाजता आला. म्हणजे दिनदर्शिकेवर पाचवा दिवस असला तरी नियमाच्या मोजणीत तो तिसराच होता.

‘पाच दिवस’ असे लिहून गेले असते आणि वर कोणी दिनदर्शिका उघडली नसती, तर पहिल्या दोन व्यवहारांचे १०,००० आणि ९,५०० असे १९,५०० रुपये, म्हणजे सगळेच्या सगळे, त्या महिलेच्या खात्यातून गेले असते, कारण दोन्ही रकमा मर्यादेच्या आतच होत्या. म्हणून टिपणात ‘विहित मुदतीत तक्रार प्राप्त’ असे मोघम न लिहिता प्रत्येक तारखेपुढे वार, आणि सुट्टी असेल तर ‘शाखा बंद’ असा शेरा घातला, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या बेरजेवर विश्वास ठेवावा लागू नये.

रकमेबद्दल लांबण नको. चॅटमधले २७ हजार हे गोळाबेरीज होते. तिसरा व्यवहार ७,००० रुपयांचा होता आणि एकूण २६,५०० होत होते. टिपणात तीन ओळींचा तक्ता दिला, प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक लिहिला नसेल तर क्षेत्रीय कार्यालयाला समोरच्या बँकेकडे, म्हणजे जिच्या यंत्रावरून पैसे निघाले तिच्याकडे, काही विचारताच येत नाही, आणि टिपण प्रश्न होऊन परत येते.

खरी कसोटी सोमवारच्या ओळीची होती. ‘सोमवारी पण आल्या होत्या, सिस्टिम स्लो होती म्हणून उद्या या म्हटलं.’ तिसऱ्या व्यवहाराची वेळ पाहिली आणि त्या ओळीचे वजन कळले: सोमवार, १२ ऑगस्ट, दुपारी ३.२६. मी लिपिकाला बाजूला बोलावून विचारले, “सोमवारी त्या किती वाजता आल्या होत्या?”

तो म्हणाला, “जेवणाच्या सुट्टीच्या आधी, मॅडम. बारा-साडेबारा असेल. पासबुक भरून घेतलं त्यांनी आणि मला दाखवलं.”

“काय म्हणाल्या नेमकं?”

“हे पैसे मी काढले नाहीत, म्हणाल्या. दोन ओळींना पेनाने गोल केले होते. मी म्हटलं, सिस्टिम चालत नाहीये, उद्या अर्ज घेऊन या.”

पासबुक माझ्यापुढे होतेच. छापील शेवटची ओळ ८ ऑगस्टची होती, दोन नोंदींभोवती निळ्या बॉलपेनने काढलेले वेडेवाकडे गोल होते आणि ७,००० रुपयांची नोंद पानावर नव्हती. पासबुक छपाईची वेळ प्रणालीत काढली तेव्हा १२ ऑगस्ट, दुपारी १२.१४ अशी मिळाली. काउंटरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणातही त्याच सुमारास ग्राहक महिला काउंटरवर बोलताना दिसत होती. म्हणजे ग्राहकाने तोंडी कळवल्यानंतर सुमारे तीन तासांनी तिसरी रक्कम गेली होती. परिपत्रकाच्या भाषेत, ग्राहकाने कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते. पहिल्या दोन व्यवहारांबाबत उद्या कोणी निष्काळजीपणा सिद्ध केला, तरी हे ७,००० रुपये त्यात मोडत नाहीत.

लिपिक साहजिकच घाबरला. “हे लिहायलाच हवं का मॅडम? अर्ज तर मंगळवारचाच आहे,” असे त्याने विचारले. अर्जापुरते पाहिले तर त्याचे म्हणणे बरोबर होते आणि ती ओळ गाळली असती तर कागदावर काहीच विसंगत दिसले नसते. पण ग्राहकाच्या मुलाने आईच्या अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात सोमवारची भेट लिहिलेली होती. त्यावर शाखेचे टिपण गप्प राहिले तर वरच्या अधिकाऱ्याने काय समजायचे? शिवाय ती भेट झाली होती, आणि टिपण लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते. माझ्या मते तेवढे कारण पुरे. मी त्याला एवढेच सांगितले की टिपणात त्याचे नाव येणार नाही, ‘काउंटरवरील कर्मचारी’ असे येईल, आणि प्रणाली त्या वेळी खरोखर मंद होती याची नोंदही तितक्याच स्पष्टपणे येईल. शाखेच्या तांत्रिक तक्रारींच्या नोंदवहीत त्या दिवशी ११.५० ते १.१० या वेळेत जोडणी विस्कळीत असल्याचे लिहिलेले होते, ते पानही जोडले.

अर्थात जोडणी विस्कळीत असली तरी एका फोनवर खाते गोठवण्याची विनंती मध्यवर्ती केंद्राकडे नोंदवता आली असती. ही टिप्पणी मी टिपणात केली नाही. क्षेत्रीय कार्यालयाला ती करायची असेल तर त्यासाठी लागणारी सगळी माहिती समोर होती, आणि तक्रारीचे टिपण हे कर्मचाऱ्याच्या चौकशीचे टिपण नव्हे. सोमवारचा परिच्छेद अखेर असा झाला:

‘ग्राहकाने दि. १२.०८.२०२४ रोजी दुपारी १२.१४ च्या सुमारास शाखेत येऊन पहिल्या दोन व्यवहारांबाबत काउंटरवरील कर्मचाऱ्यास तोंडी कळवले. त्या वेळी शाखेची प्रणाली-जोडणी विस्कळीत असल्याने तक्रार नोंदवता आली नाही व ग्राहकास दुसऱ्या दिवशी येण्यास सांगण्यात आले. तिसरा व्यवहार (रु. ७,०००) त्याच दिवशी दुपारी ३.२६ वाजता झाला आहे. पासबुक छपाईची प्रणालीतील नोंद, कॅमेऱ्याच्या चित्रणाचा तपशील व नोंदवहीचे पान सोबत जोडले आहे.’

मुलाच्या रागाचे वर्णन गाळले, पण त्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा इरादा सांगितला होता तो गाळला नाही. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राहकाला तो मार्ग खुला होतो, म्हणून ते वाक्य धमकी म्हणून नव्हे, तर मुदतीची सूचना म्हणून तारखेसह लिहिले. ग्राहकाने मंगळवारी रात्री १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार केली होती, तिचा पोच क्रमांकही त्याच परिच्छेदात दिला.

शेवटचा भाग मागणीचा. आमच्याकडची बहुतेक टिपणे ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’ या वाक्याने संपतात आणि वाचणाऱ्याला आपण नेमके काय करायचे ते शोधत बसावे लागते. मी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, कळवल्याच्या तारखेपासून दहा कामकाजाच्या दिवसांत तिन्ही रकमांची तात्पुरती जमा, मूळ व्यवहाराच्या तारखेपासून लागू होईल अशा रीतीने, म्हणजे मधल्या काळाचे व्याज बुडणार नाही. कळवल्याची तारीख १२ ऑगस्ट धरण्याची शिफारस केली. दुसरी, समोरच्या बँकेकडे विवाद नोंदवून यंत्राचा क्रमांक, व्यवसाय प्रतिनिधीचा तपशील आणि बायोमेट्रिक प्रमाणीकरणाची नोंद मागवणे, कारण यांतले काहीही शाखेच्या पडद्यावर दिसत नाही. तिसरी, ग्राहकाच्या जबाबदारीबाबतचा निर्णय. परिपत्रकानुसार तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लागायला हवा, म्हणून ती तारीखही लिहिली. शाखेचे मत वेगळ्या शीर्षकाखाली दोन वाक्यांत दिले: ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा पुरावा शाखेला आढळलेला नाही, आणि तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत आलेली आहे. व्यवस्थेतील दोष नेमका कुठला, हे ठरवण्याचा अधिकार आणि साधने शाखेकडे नव्हती, त्यामुळे त्यावर मत दिले नाही.

सगळे मिळून टिपण दीड पान झाले, जोडपत्रे वेगळी. पाठवण्यापूर्वी मी ते लिपिकाला वाचायला दिले, कारण त्यातली निम्मी माहिती त्याचीच होती. त्याने एक दुरुस्ती सुचवली: खाते गोठवल्याची वेळ मी अर्जाच्या वेळेनंतरची, ११.५० अशी लिहिली होती, पण त्याने आधी खाते गोठवले आणि मग अर्ज घेतला होता. प्रणालीतील नोंद पाहिली तर ११.२१ होती, ११.५० ही त्याने मला निरोप पाठवल्याची वेळ होती. दुरुस्ती करून टिपण बुधवारी, १४ तारखेला दुपारी गेले.

क्षेत्रीय कार्यालयातून एकच विचारणा आली, तीही शुक्रवारी, कारण गुरुवारी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. सोमवारच्या भेटीबाबत काउंटरवरील कर्मचाऱ्याचे सहीचे निवेदन त्यांना हवे होते. लिपिकाने ते स्वतःच्या शब्दांत, चार वाक्यांत लिहून दिले आणि मी ते न बदलता पाठवले. तात्पुरती जमा मुदतीत झाली, तिन्ही रकमांची. पुढे अंतिम निकालात २६,५०० रुपये ग्राहकाच्या खात्यात कायम झाले, आणि ७,००० रुपयांबाबत शाखेकडे वेगळे स्पष्टीकरण मागवण्यात आले, ते शाखा व्यवस्थापकांनी दिले.